चुन्यात न टिकणारा हिरवा

ठाणा परभणी. माहे अर्दीबेहेश्त, सन १३४७ फसली.

जबाब देणारी चतुराबाई जौजे दिनकरराव, उमर अंदाजे अडतीस, धंदा घरकाम व शेती, राहणार मौजे पेडगाव, तालुका व जिल्हा परभणी. लिहिता-वाचता येत नाही. उर्दू समजते, बोलता येत नाही, म्हणून ठाण्याचे अंमलदार अमीन साहेब यांच्या हुकुमावरून मराठी जाणणाऱ्या कारकुनाने लिहून घेतला.

मी वर लिहिलेली चतुराबाई अमीन साहेबांसमोर स्वतः उभी राहून सांगते की, नवऱ्याचे नाव मी आजवर तोंडाने घेतले नव्हते. लग्नात उखाण्यात घेतले तेवढेच. आज कारकुनाने नाव विचारले तेव्हा सरळ सांगितले. दिनकरराव. पुढेही या जबाबात नावच घेणार आहे. ज्याने माझी लाज ठेवली नाही, त्याच्या नावाचा मान मी कशाला ठेवू.

आमचे पेडगावला घर आहे, वीस एकर कोरडवाहू आहे. दोन मुली आहेत, दोघी सासरी नांदतात. दिनकरराव मागच्या दोन सालापासून पूर्ण्याला सरकीचा व्यापार करतो. जंक्शनचे गाव, मालगाड्या तिथे थांबतात, म्हणून तिथेच मुक्काम करावा लागतो असे त्याने मला सांगितले होते. आठवड्याला एकदा घरी येतो. शेत मी पाहते, सालगडी मी सांभाळते, तूरही मीच मोंढ्यावर आणते. हे सांगायचे कारण, मी घरात बसून पोथी ऐकणारी बाई नाही. मला फसवायचे तर फसवणाऱ्याला मेहनत घ्यावी लागते, आणि दिनकररावाने ती घेतली होती.

ज्या बाजाराच्या दिवशी हे घडले, त्याच्या आदल्या दिवशी तो घरी आला होता. बोलता बोलता म्हणाला की उद्या परभणीत रंग घ्यायचा आहे, बैठकीच्या भिंती रंगवायच्या. मला आनंद झाला. आमची बैठक दर दिवाळीला मी पांढऱ्या मातीने सारवते, रंग तिला कधी लागला नाही. मी त्या बैठकीच्या खिडकीसाठी खारव्याचा पडदा शिवून ठेवला होता. खारवा म्हणजे लाल जाड कापड, धुतले तरी रंग सोडत नाही. खिडकी मावळतीला आहे, दुपारनंतर ऊन थेट आत येते आणि बसलेल्या माणसाच्या डोळ्यावर पडते, म्हणून जाड कापड घेतले. काठाला पांढऱ्या दोऱ्याने टाके घातले. पाहुण्यांसमोर मिरवावा असा पडदा झाला होता. मी म्हणाले, "मीबी येते. पडदा संगं घेते, म्हंजे रंग जुळवून बघता येईल." तो नको म्हणाला. ऊन लय आहे म्हणाला, गाडीला गर्दी असते म्हणाला. मी पहाटे उठून भाकरी बांधली आणि त्याच्याआधी स्टेशनावर जाऊन बसले.

परभणीच्या बाजारात शिवरुद्र बसप्पा यांचे रंगाचे दुकान आहे. माणूस लिंगायत, बोलायला मऊ. दुकानात ओळीने लाकडी पेट्या आहेत. पिवडी म्हणजे पिवळी माती, गेरू, हिरमुजी, नीळ, काजळी, सगळे भुकटीचे रंग. भिंतीला लागतात तिथे खडू आणि सरस, दाराखिडक्यांना जवसाचे तेल. विलायती रंग बंद डब्यात वरच्या फळीवर. दुकानात आणखी चार-पाच गिऱ्हाईक होते. त्यांची नावे मला माहीत नाहीत, शिवरुद्र सांगतील.

दिनकररावाने बसायच्या आधीच वरचा डबा मागितला. विलायती हिरवा. झाकण काढल्यावर खरोखर डोळ्यात भरावा असा रंग होता, पोपटाच्या पिसासारखा. मी म्हणाले, लाल पडद्याजवळ हा चालणार नाही. तो म्हणाला, "तुला काय कळतंय त्यातलं." मी म्हणाले, कळायचे काय आहे, दाखवते. शिवरुद्रांकडून त्या हिरव्याचा आणि पिवडीचा हात मारलेले दोन तुकडे मागून घेतले. ते दुकानात खापरावर रंग लावून वाळवून ठेवतात, कारण ओला रंग गडद दिसतो आणि वाळला की उजळतो. ओल्यावरून रंग पसंत करणारा घरी जाऊन रडतो, असे ते म्हणतात. दोन्ही तुकडे उंबऱ्यावर ठेवले आणि वर पडदा धरला. पडद्यातून ऊन लाल होऊन खाली आले. पिवडीचा तुकडा उबदार, केशरी झाक मारू लागला. हिरवा तुकडा काळा पडला. शेवाळलेल्या रांजणासारखा. पडदा बाजूला केला की परत हिरवा.

एक गिऱ्हाईक म्हातारे होते, ते म्हणाले, "बाईचं बरूबर हाय राव. लाल उजेडात हिरवा मरतो."

दिनकररावाला हे झोंबले. त्याचा स्वभाव असा की चार माणसांत बायको बरोबर ठरली की त्याला अपमान वाटतो. तो म्हणाला, "पडदा टाकून दे. पांढरा जाळीचा लावायचाय."

मी म्हणाले, "जाळीचा? आन् दुपारचं ऊन? जाळीनं अडणार हाय व्हय?"

तो म्हणाला, "तिकडं ऊन येतच न्हाई."

हे वाक्य मी तेव्हा ऐकले, पण कानाआड गेले. रागात माणूस पुढचे बोलणे तयार करत असतो, समोरचे नीट ऐकत नाही.

आम्ही दोघे हट्टाला पेटलेले पाहून शिवरुद्र मध्ये पडले. म्हणाले, "भांडू नका. मला तीन गोष्टी सांगा, मग मीच रंग सांगतो. खिडकी कुण्या दिशेला हाय?"

मी म्हणाले, मावळतीला. दिनकरराव म्हणाला, उत्तरेला.

शिवरुद्र हसले. त्यांना वाटले नवऱ्याला घरातले काही ठाऊक नाही. म्हणाले, "बरं, खोली किती खणाची?"

मी म्हणाले, दोन खण. तो म्हणाला, "चार."

मग शिवरुद्रांनी विचारले, "भित मातीची का चुन्याची? आदी काय लावलंय तिला?"

मी म्हणाले, "मातीची. वरून पांढरी माती." आणि त्याच वेळी तो म्हणाला, "चुन्याचा नवा गिलावा हाय. अजून ओल हाय त्याला."

शिवरुद्रांनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा त्याच्याकडे, आणि खाली मान घालून डब्याचे झाकण पुसायला लागले. परक्या माणसाला कळले, मला कळायला तेवढाच वेळ जास्त लागला. आमच्या सबंध घरात चुन्याची एक भिंत नाही. उत्तरेला एक खिडकी नाही. चार खणांची खोली आमच्या गावात पाटलाची सोडली तर कुणाची नाही.

मी विचारले, "कुणाची भित हाय ही?"

तो म्हणाला, "बाजारात तमाशा नगं."

मी पुन्हा विचारले. माझा आवाज चढला होता, हे मी नाकारत नाही. तेव्हा दिनकरराव सगळ्यांसमोर म्हणाला, "पूर्ण्याला घर बांधलंय. सुमन राहनार हाय तिथं. सटवाजीची लेक. लगीन लावलंय, चोरून ठिवलेली न्हाई. आता कळलं? बस गप."

माझ्या हातात पडदा होता. दुसऱ्या बाईच्या घराला शोभणारा रंग निवडायला मी पहाटे भाकरी बांधून आले होते. साहेब, मला त्या वेळी काय वाटले हे विचारले म्हणून सांगते. लग्न केले म्हणून जेवढा राग आला नाही, तेवढा याचा आला की माझ्यासमोर बसून, माझ्याशी रंगावरून भांडून, तो त्या भिंतींचा विचार करत होता. आणि मी मूर्खासारखी माझ्या बैठकीसाठी जीव तोडून बोलत होते. मुलगा नाही म्हणून केले असे तो आता ठाण्यात सांगतो आहे. मुलगा हवा होता तर मला येऊन सांगायचे. नाही म्हणण्याची माझी ताकद नव्हती. रडले असते, दोन दिवस जेवले नसते, आणि शेवटी तिच्या ओटीला खण घालायला मीच गेले असते. आमच्या गावात बायकांनी हे केलेले आहे. त्या पोरीवर माझा राग नाही, तिला मी पाहिलेलीही नाही.

(या ठिकाणी जबाब देणारीने पाणी मागितले, ते दिले.)

मी दुकानातून उठले नाही, याचे कारण विचारले. माझे बोलायचे राहिले होते म्हणून उठले नाही.

शिवरुद्रांनी धंद्याचे बोलणे काढले, बहुधा वातावरण निवळावे म्हणून. म्हणाले, "राव, नवा चुना असंल तर ह्यो हिरवा मी देनार न्हाई. ह्यो एक रंग न्हवं. विलायती निळा आन् विलायती पिवळा मिळून ह्यो हिरवा केलाय. चुन्यात त्यो निळा जळतो, गंजावानी तांबडा पडतो. पिवळा नारिंगी होतो. भित चार दिसात इटकरी होती. तेलात चालतो, सरसात खडूसंगं चालतो, पन वाळलेल्या भितीवर. ओल्या चुन्यावर न्हाई." त्यांनी पर्यायही सांगितला. पिवडी आणि नीळ मिळवून हिरवा करायचा, ते दोन्ही चुन्यात टिकतात. रंग एवढा झगझगीत होत नाही, जरा मातकट येतो, पण पिढ्यानपिढ्या राहतो.

दिनकरराव म्हणाला, "मातकट नगं. ह्योच दे."

शिवरुद्रांनी त्याची खात्री व्हावी म्हणून एका खापरावर भिजवलेला चुना घेतला, त्यात चिमूटभर तो हिरवा कालवला आणि खापर बाहेर कट्ट्यावर ठेवले. म्हणाले, जरा थांबा, डोळ्यानेच बघा. दिनकरराव थांबला. त्याला थांबायचे नव्हते, पण गिऱ्हाईक बघत होते. तेवढ्या वेळात मी त्याला जे बोलायचे ते बोलले. ते सगळे लिहायची गरज नाही. त्यात शिव्या होत्या. त्याने माझा दंड धरून मला ढकलले. मी पेट्यांवर पडले, कोपर फुटले, आणि पडदा गेरूच्या पेटीत गेला. शिवरुद्र मध्ये आले नसते तर आणखी मारले असते. कोपराची खूण अमीन साहेबांना दाखवली आहे.

त्यानंतर म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने बाहेरून हाक दिली, "राव, हे बघा." खापराच्या कडेने रंग फिरायला लागला होता. मधे हिरवा होता, कडेला तांबूस. मी पाहिला. शिवरुद्रांनी पाहिला. दिनकररावाने खापर हातात घेऊन, उजेडाकडे धरून पाहिला. मग ते नालीत फेकले आणि म्हणाला, "बाईच्या अकलेनं घर रंगवायचे दिवस आले न्हाईत अजून. डबे बांध." शिवरुद्रांनी आणखी एकदा समजावले. तो ऐकेना. गिऱ्हाइकाला किती वेळ नाही म्हणायचे, त्यांनी डबे बांधून दिले.

तो निघताना मी जे वाक्य बोलले, ते माझ्यावर केलेल्या आरोपाचे मूळ आहे, म्हणून जसेच्या तसे लिहून घ्यावे. मी म्हणाले, "न्या. पन त्यो रंग तुमच्या त्या भितीवर टिकायचा न्हाई. चार दिसात लाल हुईल, मंग म्हना चतुरा बोलली हुती." हे शिवरुद्रांनी सांगितलेलेच मी परत बोलले. मोठ्याने बोलले, बोट दाखवून बोलले, डोक्यावरचा पदर पडला होता. पण बोलले ते रंगाचे होते.

पुढे पूर्ण्याला काय झाले ते मी पाहिलेले नाही. ऐकले ते असे. भिंती रंगवल्या, पहिल्या दिवशी गाव बघायला आले एवढ्या छान दिसल्या. मग चुन्याने काम सुरू केले. वरच्या बाजूला जिथे गिलावा जास्त ओला होता तिथून तांबडे ओघळ उतरले आणि दोन-तीन दिवसांत चारी भिंती गंजलेल्या पत्र्यासारख्या झाल्या. ती नवी मुलगी घाबरून तापली. तिचा बाप सटवाजी याने कुणा जाणत्याला आणले. त्याने भिंतीवर लिंबू फिरवले आणि भानामती झाली म्हणून सांगितले. घराला वाईट चिंतणारी बाई कोण, असे विचारले. तेव्हा दिनकररावाने सांगितले की माझ्या पहिल्या बायकोने भर बाजारात बोट दाखवून शाप दिला, भिंत लाल होईल म्हणाली, आणि झाली.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. स्वतःच्या हट्टाने भिंत घालवली आणि पाप माझ्या जिभेवर टाकले.

काल सकाळी सटवाजी पाच-सहा माणसे घेऊन पेडगावला आला. दिनकरराव बरोबर होता. गावच्या चावडीत लोक जमवले. मला बोलावून नेले. मी गेले, कारण मला वाटले रंगाची हकीकत सांगितली की संपले. सटवाजीच्या एका माणसाच्या हातात लोहाराची पक्कड होती. ती कशाला आहे हे मला माहीत होते, आमच्या भागात सगळ्या बायकांना माहीत असते. भानामती करणाऱ्या बाईचे पुढचे दात पाडले की तिचा मंत्र चालत नाही, बोल नीट फुटत नाही, असे समजतात. माझ्या माहेरच्या गावात एका बाईचे पाडले होते. ती पुढे बरीच वर्षे जगली, पण बोलताना तोंडावर हात धरायची, आणि तिच्या हातचे पाणी कुणी घेत नसे.

मी सगळ्यांना सांगितले. विलायती हिरवा चुन्यात जळतो हे सांगितले. निळा तांबडा पडतो, पिवळा नारिंगी होतो हे सांगितले. शिवरुद्रांच्या दुकानात चला म्हणाले. लोक हसले. सटवाजी म्हणाला, "हिरव्याचा तांबडा व्हतो व्हय कुठं? बाई, आमाला येडं समजायलीस का?" त्यालाही मी दोष देत नाही, ज्याने पाहिले नाही त्याला ते खोटेच वाटणार. त्याच्या घरात लेक तापाने फणफणत होती. मग मी दिनकररावाकडे वळून म्हणाले, "ह्यांनी सोता बघितलंय. खापर हातात धरलं हुतं. ह्यांना इचारा."

लोकांनी त्याला विचारले. तो पाटलाच्या शेजारी घोंगडीवर बसला होता, पानाला चुना लावत होता. तो म्हणाला, "मला काय ठावं रंगातलं."

साहेब, माझ्यावर पक्कड उगारली, ढकलाढकल झाली, झिंज्या धरल्या, हेही कारकुनाने लिहून घ्यावे. पण माझी तक्रार कशाची असे मला कुणी एका वाक्यात विचारले तर ती या वाक्याची आहे. चोवीस वर्षे मी त्याच्या ताटातले उरलेले खाल्ले आहे.

आबासाहेब पाटलांनी, जाणता येऊ द्या, उद्या ठरवू, असे काहीतरी सांगितले. ते अडवत होते की टाळत होते, हे मला कळले नाही. पण सटवाजीच्या माणसांना उद्यापर्यंत दम नव्हता. माझा हात धरला तेव्हा आमची शेजारीण धुरपताबाई ज्वारी काढणाऱ्या बायका घेऊन आली. त्यांच्या हातात विळे होते. धुरपताबाई म्हणाली, "आदी आमचे दात पाडा, मंग हिचे. बघू कुनाला किती दात हायत ते." बायकांनी मला मध्ये घेऊन बाहेर काढले. मी घरी गेले नाही. रुळाच्या कडेने चालत परभणीला आले आणि इथे ठाण्यासमोर बसले. पायात वहाण नव्हती.

आज सकाळी अमीन साहेबांनी दिनकरराव व सटवाजी यांना हजर केले. शिवरुद्र बसप्पा यांना बोलावले, त्यांचा जबाब वेगळा घेतला आहे. मी अमीन साहेबांना विनंती केली की त्याच जातीचा हिरवा रंग आणि ताजा भिजवलेला चुना मागवावा, मी हात लावणार नाही, साहेबांनी कुणालाही कालवायला सांगावे. अमीन साहेबांनी जमादाराकडून करून घेतले. जमादार मुसलमान आहेत, त्यांच्यावर माझा मंत्र चालतो असे कुणी म्हणणार नाही. एका खापरावर रंग चुन्यात, दुसऱ्यावर तोच रंग खडू आणि सरसात. दोन्ही ठाण्याच्या ओसरीत सगळ्यांसमोर ठेवली. मला चार हात दूर बसवले, पदर दातांत धरायला सांगितले, म्हणजे पुटपुटले असे कुणी म्हणायला नको.

दुपार टळायच्या आत चुन्यातला हिरवा विटकरी झाला. खडूतला जसाच्या तसा राहिला. सटवाजी खाली बसून खापराजवळ तोंड नेऊन बघत होता. बोट लावून बघितले, वास घेतला. मग माझ्यासमोर येऊन हात जोडले आणि म्हणाला, "माय, चुकलं. लेकीच्या काळजीनं डोस्कं फिरलं हुतं." अनोळखी माणूस, माझे दात पाडायला आलेला, तो वाकला. मी त्याला म्हणाले, पोरीला जाऊन सांगा भिंतीला काही झालेले नाही, भिऊ नको. तो गेला.

दिनकरराव जागचा उठला नाही. खापराकडे त्याने पाहिलेही नाही, त्याला पाहायची गरज नव्हती. सगळे झाल्यावर मला म्हणाला, "झालं ना मनासारखं? चल मंग घरी, गाडीची येळ झाली."

अमीन साहेब म्हणाले, "बाई, इल्जाम झूठा निकला, बात खत्म. मर्द है तुम्हारा, समझौता कर लो." त्यांचा हेतू चांगला होता. माझे म्हणणे त्यांना सांगितले ते असे. मला दिनकररावाबरोबर जायचे नाही. पेडगावचे घर आणि शेत मी पाहते आहे, मी तिथेच राहणार. त्याने पूर्ण्याला राहावे, त्या घरात राहावे, हव्या त्या रंगाच्या भिंती कराव्यात. पेडगावच्या उंबऱ्यावर पाय ठेवला तर मी पुन्हा या ठाण्यात येईन. दुसरे लग्न कायद्याने गुन्हा नाही, असे मला सांगितले. ठीक आहे. बायकोला ढकलणेही फार मोठा गुन्हा नाही, असे सांगितले. तेही ऐकून घेतले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार आम्हाला नवा नाही.

हा जबाब इथपर्यंत लिहून झाल्यावर कारकुनाने वाचून दाखवला. शेवटी त्यांनी आपल्या मनाने असे लिहिले होते की, "भिंतीचा रंग चुन्यामुळे बदलला, भानामतीचा संशय गैरसमजुतीने निर्माण झाला, तो आता सर्वांचा फिटला आहे, व जबाब देणारीची कोणाविरुद्ध तक्रार उरलेली नाही." मी अंगठा द्यायला नकार दिला. सर्वांचा गैरसमज नव्हता, एकाचा नव्हता. कारकून म्हणाले, एका शब्दाने काय फरक पडतो. जमादार म्हणाले, संध्याकाळ झाली. दिनकरराव म्हणाला, "दे आंगठा, किती ताणशील." मी शाई लावलेला अंगठा मुठीत धरून बसून राहिले. शेवटी अमीन साहेबांनी कारकुनाला ते वाक्य खोडायला सांगितले आणि मी सांगते ते लिहायला सांगितले. ते असे: माझा नवरा दिनकरराव याला भिंत कशाने लाल झाली हे पक्के माहीत होते, आणि माझे दात पाडायला पक्कड आणली तेव्हा तो मला काही माहीत नाही म्हणाला.

हे वाक्य घातल्यावर सबंध जबाब दिनकररावाच्या समोर मला पुन्हा वाचून ऐकवला. माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, एक शब्द कमी नाही. आता अंगठा देते.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, चतुराबाई.